बोंद्रे सरांची तीन मिनिटं

बोंद्रे सर कुठल्याही सभागृहात गेले की आधी माइक बघत. मंचावर कोण बसलंय, हार किती आलेत, चहा कुठे ठेवलाय, यातल्या कशाकडे त्यांचं लक्ष नसे. माइक उभा आहे की हातात धरायचा, त्याची मान वळते का, बोलणाऱ्याच्या उंचीला येतो का, एवढं पाहून झालं की त्यांच्या कपाळावरची एक आठी कमी व्हायची.

"हातातला माइक असला तर कागद चालत नाही, पाटणकरबाई," मी नवीन असताना त्यांनी मला सांगितलं होतं. "एक हात माइकला गेला. उरलेल्या हातात फुलस्केप धरला की तो थरथरतो आणि लोकांना वाटतं, माणूसच थरथरतोय. तिथे पुठ्ठ्याचं कार्ड द्यायचं."

आमचं कामच ते होतं. दिल्लीतल्या एका मंत्रालयात मंत्र्यांची हिंदी भाषणं लिहिणारा एक छोटा कक्ष होता. सर त्याचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालची अनुवाद अधिकारी. सर साताऱ्याचे, मी नागपूरची. दोन मराठी माणसं बसून उत्तर प्रदेशच्या मंत्र्याला हिंदी पुरवतात, याची कॅन्टीनमध्ये भरपूर थट्टा व्हायची. सर त्यावर एवढंच म्हणत, "दुसऱ्याच्या भाषेत माणूस जपून बोलतो. आपल्या भाषेत वाहवत जातो."

मी लिहिलेलं पहिलं भाषण एका पुलाच्या उद्घाटनाचं होतं. बारा पानं. नदीचं पौराणिक महत्त्व, पूल आणि मानवी संस्कृती, सगळं त्यात होतं. सरांनी ते हिरव्या पेन्सिलीने तपासून परत केलं तेव्हा त्यातली अडीच पानं शिल्लक होती. शेवटी समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "उद्घाटन पुलाचं आहे. तुमचं नाही."

मला राग आला होता. पण मंत्री ते अडीच पानांचं भाषण बोलले आणि गावातल्या एका म्हातारीने पुढे येऊन त्यांचा हात धरला, असं कोणीतरी येऊन सांगितलं, तेव्हा रागाची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली. हळूहळू मी त्यांची रीत शिकले. टाइपाचं अक्षर मोठं, अठरा पॉइंटच्या खाली नाही. पानाचा खालचा तिसरा भाग कोरा, म्हणजे वाचणाऱ्याची मान फार खाली जात नाही आणि डोळे लोकांवर राहतात. वाक्य एका पानावर सुरू झालं की त्याच पानावर संपलं पाहिजे. पानांना टाचणी नाही, कारण पान उलटलं की आवाज होतो. ते नुसतं बाजूला सरकवायचं. अर्ध्या श्वासाला एक तिरकी रेघ, पूर्ण श्वासाला दोन. आणि लिहून झालं की कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, मोठ्याने वाचायचं. जिथे जीभ अडखळेल तिथे शब्द बदलायचा, कारण मंत्र्याची तिथेच अडखळणार.

"तीन मिनिटं," ते म्हणत. "त्याच्यावर माणूस ऐकत नाही, नुसता बसतो."

आमच्या कक्षाचा चपराशी रामअवतार निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या निरोपाला सर चार वाक्यं बोलले होते. ऑफिसात नवीन लिफ्ट आली त्या वर्षीची गोष्ट त्यांनी सांगितली. रामअवतार जिनाच चढायचा. का विचारलं तर म्हणाला होता, फाइल जड असली की ती जरा उशिरा पोचावी, साहेबांना थोडा वेळ जास्त मिळावा. बस. एवढंच सांगून सर खाली बसले. रामअवतार गमछ्यात तोंड घालून रडला. नंतर कचोरी खाता खाता तो मला म्हणाला, "मॅडम, आपने पुराने बोंद्रे साहब को नहीं देखा. पहले तो चालीस-चालीस पन्ना लिखते थे. हम टाइप कराते-कराते थक जाते थे."

मला ते खरं वाटलं नाही.

सरांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती हळदीकुंकवाला. सरकारी क्वार्टर, दोन खोल्यांचं, तळमजल्यावर. त्यांच्या हुद्द्याला त्याहून मोठं घर मिळालं असतं. दोनदा मिळालंही होतं, आणि दोन्ही वेळा सरांनी नकार लिहून दिला होता, हे मला ऑफिसातून कळलं होतं. सगळे म्हणत, बोंद्रे कंजूस आहे, मोठ्या घरात पडदे मोठे लागतील म्हणून घाबरतो.

सुनंदावहिनी दाराशी आल्या. गोऱ्या, सडपातळ, बोलणं अगदी हळू. त्या कधी प्रश्न विचारत नसत. मी वीस वर्षं त्या घरी गेले, पण "काय गं विद्या, कशी आहेस?" याच्यापुढे त्यांनी मला काही विचारल्याचं आठवत नाही. मुग्धा तेव्हा आठ वर्षांची होती. सोफ्याच्या हातावर बसून ती माझ्याकडे टक लावून बघत होती. सरांनी तिला आत पाणी आणायला सांगितलं.

"क... मुग्धा, मावशींना पाणी दे."

मला वाटलं, सर जरा अडखळतात. पुढे दरवेळी हे ऐकलं. मुलीला हाक मारताना आधी एक तुटका 'क' यायचा, मग क्षणभर काही नाही, मग मुग्धा. ऑफिसात दुसऱ्या कुठल्याही शब्दावर ते अडखळत नसत. आणि मुग्धा त्या 'क'लाच उठायची. पुढचं नाव येईपर्यंत ती अर्ध्या वाटेवर असायची.

तो 'क' म्हणजे काय, हे मला मुग्धानेच सांगितलं, ती कॉलेजात गेल्यावर. मुनिरकात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती ती. घर त्याच शहरात असताना खोली का, म्हणून मी रागावायला गेले होते. तिने स्टोव्हवर चहा ठेवला आणि पाठमोरीच म्हणाली, "विद्या मावशी, त्या घरात मी एकटी नसते ना. म्हणून."

केतकी तिची थोरली बहीण, तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. तेरा वर्षांची असताना डेंग्यूने गेली. ताप आला, उतरला, सगळ्यांना वाटलं बरं झालं, आणि ताप उतरल्यावरच तिची तब्येत बिघडली. चार दिवसांत सगळं संपलं. त्यानंतर सुनंदावहिनींनी अन्न सोडलं होतं. नाव निघालं की घास खाली ठेवायच्या. डॉक्टर म्हणाले, काही दिवस विषय काढू नका. ते काही दिवस म्हणजे एक वर्ष झालं, दोन झाली, आणि मग कोणाला तो विषय काढता येईना. फोटो कपाटात गेले. साताऱ्याचे नातेवाईक यायचे ते दारात चपला काढताना एकमेकांना खुणा करायचे.

"आई त्यानंतर तिच्याबद्दल एकदाच बोलली," मुग्धा म्हणाली. "बाबांना मोठं क्वार्टर मिळालं तेव्हा. म्हणाली, घर बदललं तर तिला कळेल कसं? तिला हाच पत्ता पाठ आहे."

चहा उतू गेला. आम्ही दोघींनी तो पुसला.

मुग्धा पुढे गुडगावच्या एका कंपनीत लागली. तिथेच तिला गौरव माथुर भेटला. गाझियाबादचा मुलगा, हसरा, जरा जाड, मुग्धाच्या बॅगेसकट स्वतःची बॅग खांद्यावर घेणारा. दोघांनी ठरवलंच होतं, तरी माथुरांच्या आजींना रीतसर बायोडाटा हवा होता. तो सरांनी ऑफिसात बसून केला. टाइप करून त्यांनी सवयीने माझ्याकडे तपासायला दिला. जन्मतारीख, शिक्षण, उंची, गोत्र. त्याखाली एक ओळ होती: भाई-बहन, कोई नहीं.

मी कागद हातात धरून बसले. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"काही चूक आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर," मी म्हणाले. ती माझीही चूक.

लग्न जानेवारीत ठरलं. सकाळी मराठी पद्धतीने, छोटंसं. दोन दिवसांनी संध्याकाळी गाझियाबादला हायवेलगतच्या एका बँक्वेट हॉलमध्ये रिसेप्शन, चारशे माणसांचं. डिसेंबरात एक दिवस मुग्धा ऑफिसात आली आणि वडिलांच्या टेबलावर हात टेकून म्हणाली, "बाबा, रिसेप्शनला तुम्ही बोलायचं. तीन मिनिटं. अँकरला सांगितलंय, केक आणि फोटो झाले की जेवणाच्या आधी. नाही म्हणायचं नाही, बिल्कुल."

सर हसले. "तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात घालतोय. एकदा माझ्या तोंडात घालून बघू."

आणि ते त्यांना जमेना.

थंडीत दुपारचं जेवण आम्ही मंत्रालयाच्या भवनासमोरच्या लॉनवर करत असू, सगळी दिल्लीच तेव्हा उन्हात येऊन बसते. संत्र्याच्या सालींचा वास, शेंगदाण्यांची टरफलं, बायकांच्या विणकामाच्या सुया. सर रोज एक कागद घेऊन येत आणि मी घड्याळ लावून बसे. काय लागतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते मलाच पुन्हा समजावत, जणू मी बोलणार होते.

"आधी त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना नमस्कार, नावांची यादी नाही. यादी केली की एक नाव सुटतं आणि तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं. मग आपण कोण हे एका वाक्यात. मग एक आठवण. दोन नाही, एक. ती मुलीची हवी, बापाच्या त्यागाची नको. मग जावयाकडे वळून एक वाक्य, सल्ला नाही. मग आशीर्वाद, आणि तो शेवटचा. आशीर्वादानंतर 'भोजन का आनंद लें' म्हणायचं नाही, ते अँकर म्हणेल. आठवण हिंदीत, म्हणजे त्यांच्या आजींना कळेल. आशीर्वाद मराठीत. आशीर्वादाचं भाषांतर होत नाही."

सगळं जागेवर होतं. आठवण नव्हती.

पहिल्या मसुद्यात सायकल होती. "बाद," त्यांनीच खोडलं. "सगळे बाप सायकलच शिकवतात." दुसऱ्यात कुतुबमिनारची सहल होती, तीही गेली. तिसऱ्यात बर्फाच्या गोळ्याने लाल झालेली जीभ होती, ती मला फार आवडली होती, आणि दुसऱ्या दिवशी पाहते तर तीही हिरव्या पेन्सिलीखाली गेलेली.

"का पण, सर? छान होती."

त्यांनी एक संत्रं सोललं. फोडी कागदावर मांडल्या. एकही तोंडात टाकली नाही.

"सायकल मी नाही शिकवली," ते म्हणाले. "केतकीने शिकवली. मी गॅलरीतून बघत होतो. कुतुबला मुग्धा हरवली होती, ती केतकीला सापडली. गोळा दोघींत एक होता. मुग्धाची सात वर्षांची होईपर्यंतची एकही आठवण माझ्याकडे अशी नाही, पाटणकरबाई, जिच्यात ती नाही. मी तिला काढतो. काढली की वाक्य उभं राहत नाही."

त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. वीस वर्षांत.

"मग तिच्यासकट सांगा," मी म्हणाले.

"सुनंदाने हात जोडले परवा. म्हणाली, शुभकार्यात नको. मी शब्द दिलाय."

मग ते स्वतःहूनच बोलू लागले. समोरच्या गवताकडे बघत, ऑफिसची एखादी बाब सांगावी तसे. "त्या दिवशी हॉस्पिटलातून सुनंदाचा फोन आला होता. अकरा वाजता. केतकी विचारतेय, बाबा कधी येणार. मी म्हटलं, दोन परिच्छेद राहिलेत, संपवून निघतो. बेचाळीस पानांचं भाषण होतं. पोचलो तेव्हा दीड वाजला होता. ती एकला गेली होती." त्यांनी गवताची एक काडी तोडली. "मंत्र्यांनी त्यातली चार पानं वाचली."

शेजारच्या घोळक्यात कोणीतरी मोठ्याने हसलं. सरांनी फोडी गोळा केल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. "खा. आंबट नाहीयेत."

शेवटी पेनाची आठवण ठरली. मुग्धाने पहिल्या पगारातून त्यांना करोल बागेतून पेन आणून दिलं होतं, ती. सुरक्षित होती. घरात तेव्हा तिघंच होते. त्यांनी ती कार्डावर उतरवली, श्वासाच्या रेघा मारल्या, कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारून वाचली. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

"चांगलं झालंय," मी म्हणाले.

"खोटं काही नाही त्यात," सर म्हणाले. "पण ते पेनाचं झालंय. मुलीचं नाही."

रिसेप्शनच्या दिवशी धुकं होतं. पाहुण्यांच्या गाड्या दिवे लावून सरपटत येत होत्या. आत मात्र झगझगाट, गरम टिक्कीचा वास, आणि मंचावर लाल मखमलीचा मोठा सोफा. मुग्धा त्यावर अंजिरी रंगाच्या जड लेहंग्यात बसली होती, शेजारी गौरव, आणि सोफ्याच्या कडेला, कोणीतरी आग्रहाने बसवल्यासारख्या, सुनंदावहिनी. सर सहा वाजताच येऊन माइक बघून गेले होते. हातातला होता. कार्ड खिशात होतं.

मी पहिल्या रांगेत गौरवच्या आईशेजारी बसले होते. मिसेस माथुर उंच, भारदस्त, शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी माझा हात धरून सांगितलं, "आप मराठी समझाती रहिएगा मुझे. भाईसाहब आशीर्वाद मराठी में देंगे, मुग्धा ने बताया है."

फोटो संपले. अँकर मुलीने गाणं थांबवायला लावलं आणि चमकत्या आवाजात म्हणाली, "और अब मैं बुलाना चाहूँगी दुल्हन के पापा को, जो अपनी इकलौती लाडली बिटिया के लिए दो शब्द कहेंगे!"

इकलौती. मी सरांकडे पाहिलं. ते दोन पायऱ्या चढले होते. मंचाच्या पुढच्या कडेला येऊन त्यांनी माइक घेतला, हनुवटीपासून चार बोटं दूर, जसा धरावा तसा. डाव्या हातात कार्ड. माथुर घराण्यातल्या सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार केला. मग स्वतःबद्दलचं एक वाक्य बोलले, "मैंने उम्र भर दूसरों के भाषण लिखे हैं, आज पहली बार अपना बोल रहा हूँ." लोक छान हसले. सरांनी कार्डाकडे पाहिलं. तिथे दोन तिरक्या रेघा होत्या, पूर्ण श्वासाच्या. मला माहीत होतं.

श्वास घेतला गेला, पण पुढचं वाक्य आलं नाही.

पाच सेकंद माणसं सहन करतात. बाप गहिवरला म्हणतात. दहा सेकंदांनी मागून कोणीतरी टाळ्या सुरू केल्या, त्या दोन-चार जागी वाजून विझल्या. डीजेने हळूच बासरीची एक धून सोडली. मुग्धाने त्याच्याकडे बघून हात आडवा केला आणि ती बंद झाली. त्यानंतर हॉलमध्ये इतकी शांतता झाली की बाहेरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येऊ लागले. सर कार्डाकडे बघत उभे. कार्ड थरथरत नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, हा माणूस आता माइक खाली ठेवेल आणि धुक्यात निघून जाईल.

मुग्धा उठली. लेहंगा दोन्ही हातांनी उचलून ती सोफ्यापासून पुढे आली आणि वडिलांच्या शेजारी उभी राहिली. त्यांचा हात धरला नाही, पाठीवर हात ठेवला नाही, कानात काही सांगितलं नाही. समोर लोकांकडे बघत नुसती उभी राहिली.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. किती वेळ, कोण जाणे. मग त्यांनी कार्ड खिशात ठेवलं आणि बोलू लागले, मराठीत.

"क... केतकी," ते म्हणाले. या वेळी 'क'नंतर ते थांबून दुसरीकडे वळले नाहीत. "केतकी माझी थोरली मुलगी. मुग्धाची ताई. ती तेरा वर्षांची असताना गेली. मी तिच्याबद्दल कोणाशी बोललो नाही."

मिसेस माथुरांनी माझा हात घट्ट धरला. "क्या कह रहे हैं?" मी त्यांच्या कानाशी लागले. आयुष्यभर सरकारी भाषांतरं केली, पण असं वाक्य कधी वाट्याला आलं नव्हतं. बड़ी बेटी थी, मी म्हणाले. केतकी. गुज़र गई थी.

"मुग्धा सहा वर्षांची होती. पहाडगंजला मराठी शाळेत गॅदरिंग होतं. ही कविता म्हणायला उभी राहिली आणि दुसऱ्या ओळीला विसरली. समोर एवढी माणसं. मी पालकांत बसलो होतो. मला कविता पाठ होती, मी ओठ हलवून सांगत होतो, बाई विंगेतून सांगत होत्या. हिला काही ऐकू येईना. तेवढ्यात केतकी मुलींच्या रांगेतून उठली, पिवळा फ्रॉक घातला होता तिने, आणि सरळ स्टेजवर जाऊन हिच्या शेजारी उभी राहिली. मला वाटलं, आता ती सांगेल. पण तिने काही सांगितलं नाही. लोकांकडे बघत नुसती उभी राहिली. आणि थोड्या वेळाने हिला सगळी कविता आठवली."

मी ओळीमागून ओळ मिसेस माथुरांना सांगत होते. त्या मान हलवत नव्हत्या, डोळेही पुसत नव्हत्या.

"मी घरी विचारलं, का गं, तू सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, बाबा, तिला येत होतं. ती फक्त एकटी होती."

सर थांबले. आणि त्या थांबण्यात, मागून, सोफ्याच्या कडेवरून, एक आवाज आला. माइक नसतानाही तो पहिल्या चार रांगांना ऐकू गेला.

"पिवळा नाही. निळा."

सुनंदावहिनी उभ्या राहिल्या होत्या. पदर मुठीत धरलेला. त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, घरात चूक दुरुस्त करावी तशा सुरात, "निळा फ्रॉक होता, अहो. पांढरी कॉलर होती त्याला. मी शिवला होता. पिवळा तिला आवडायचाच नाही."

"निळा," सर म्हणाले. माइकमध्ये म्हणाले, चारशे माणसांना. "बरोबर. निळा होता."

मग ते गौरवकडे वळले. आशीर्वाद मराठीत द्यायचा ठरला होता, तो हिंदीत आला. "बेटा, ज़िंदगी में ऐसे दिन आएँगे जब इसे कुछ नहीं सूझेगा, और ऐसे भी जब तुम्हें नहीं सूझेगा. तब समझाना मत. बताना मत. बस, बग़ल में आकर खड़े हो जाना. ईश्वर करे, तुम दोनों में से कोई भी कभी अकेला खड़ा न रहे."

ते गौरवला कळलं, मिसेस माथुरांना कळलं, आजींना कळलं. मला काही करावं लागलं नाही. सरांनी माइक अँकरच्या हातात दिला. तिला जेवणाचं सांगायचं होतं, ती विसरून गेली. बऱ्याच वेळाने कोणीतरी टाळी वाजवली.

मिसेस माथुर उठून मंचावर गेल्या. मला भीती वाटत होती. बायोडाटावरची ती ओळ त्यांनीही वाचली होती. त्या सुनंदावहिनींच्या शेजारी सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "दीदी, नाराज़ हूँ मैं. मेरी बहू की एक बहन थी और मुझे किसी ने बताया नहीं." मग आवाज उतरला. "कैसी थी?"

वहिनींनी आधी माझ्याकडे पाहिलं, जणू विचारत होत्या, सांगू का. मग त्या मिसेस माथुरांकडे वळल्या आणि तोडक्यामोडक्या हिंदीत सांगू लागल्या. पाहुणे जेवून निघाले, फुलं काढायला माणसं आली, तरी त्या दोघी बसल्या होत्या. मुग्धा नंतर मला म्हणाली, "गौरवला मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, मावशी. तो म्हणाला होता, बाबा सांगतील तेव्हाच आमच्या घरी कळू दे." आणि मग म्हणाली, "बायोडाटा गौरवच्या घरी मीच नेऊन दिला, ती ओळ वाचून. मीही गप्पच बसले."

सगळं सुरळीत झालं, असं सांगून मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण तसं झालं नाही. बोलायला लागल्यावर वहिनींना झोप लागेनाशी झाली. एकवीस वर्षांचं साठलेलं होतं. केतकीचा ताप, तो फोन, दीड वाजता दारात उभे राहिलेले सर. हे सगळं आता त्या बोलून दाखवू लागल्या, दिवसातून चार-चार वेळा, आणि सर ऐकून घेत. एकदा ऑफिसात म्हणाले, "ती म्हणते ते खरं आहे. मी उशिरा गेलो. पूर्वी ती बोलत नव्हती म्हणून मला वाटायचं, तिच्या लक्षात नसेल." फोटो कपाटातून बाहेर आला, पण सरांना त्याच्यासमोर बसून जेवता येईना. ते ताट घेऊन स्वयंपाकघरात बसत.

त्याच वर्षी माझी नागपूरला बदली झाली. मला पोचवायला सर नवी दिल्ली स्टेशनवर आले. वहिनींनी पुरणपोळ्या दिल्या होत्या. गाडी लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. नेहमीचं बोलणं झालं. नागपूरचं ऊन, कोणाला बढती, मुग्धाच्या सासूबाई दर रविवारी वहिनींना फोन करतात वगैरे. एका क्षणी त्यांनी विचारलं, "पाटणकरबाई, माणूस गेल्यावर मोठं होतं का हो? म्हणजे, ती आता चौतीस वर्षांची धरायची, की तेराच?"

मी पुरणपोळ्यांचा डबा मांडीवर सरळ केला. ते म्हणाले, "असू दे. सहज विचारलं."

गाडी आली. त्यांनी माझी बॅग चढवली, खिडकीशी येऊन "पोचल्यावर फोन करा" म्हणाले, आणि गाडी हलली तसा हात वर केला. मी काचेला नाक लावून बघत राहिले. फलाटावर फार गर्दी होती, बिहारकडची कुठलीशी गाडी शेजारी लागली होती. सर वळले आणि जिन्याकडे चालू लागले. ते अगदी हळू चालत होते, मोठ्या माणसाच्या पावलांनी नव्हे, आणि उजवा हात अंगापासून जरा लांब, खाली धरलेला होता, बोटं अर्धी मिटलेली, गर्दीत सुटू नये म्हणून कोणाचा तरी हात धरावा तशी. समोरून हमाल आला तेव्हा त्यांनी त्या बाजूला आधी जागा करून दिली, आणि मग ते पुढे गेले.